जुळवणी पत्रकाला बसण्यापूर्वी एवढं करा

बँक जुळवणी पत्रक म्हणजे रोकडवही आणि पासबुक यांच्या शिल्लकेतला फरक समजावणारं पत्रक. ते मांडायच्या आधी पासबुक आणि रोकडवही शेजारी ठेवून दोन्हीकडे असलेल्या रकमांवर पेन्सिलीने टिकमार्क करा. गेल्या महिन्याच्या पत्रकात लटकलेले चेकही तपासा, ते बहुतेक या महिन्यात वटलेले असतात. उरलेल्या बिनटिकेच्या रकमा म्हणजेच तुमचा फरक.

समजा, ३१ मार्चला रोकडवहीत बँकेची नावे शिल्लक ४८,५०० रुपये आहे. पुरवठादाराला दिलेला १२,००० चा चेक त्याने अजून बँकेत टाकलेला नाही, म्हणून तो मिळवा. तुम्ही भरलेला ७,५०० चा चेक वटायचाय, तो वजा करा. बँकेने जीएसटीसह २३६ रुपये शुल्क कापलंय, तेही वजा. उत्तर ५२,७६४, आणि पासबुकातली जमा शिल्लकही तीच.

नवीन माणूस इथेच थांबतो. पण दोन चेकांचा फरक फक्त वेळेचा आहे, त्यांची नोंद वहीत झालेलीच आहे. शुल्काचं तसं नाही, त्याची नोंद आपल्या वहीत नाहीच. ती ३१ मार्चच्याच तारखेने करा, म्हणजे ताळेबंदात ४८,२६४ जातील. वर्षअखेरीला माझ्या मते आधी वही दुरुस्त करावी, मगच पत्रक मांडावं.

तरीही फरक राहिला तर त्याला नऊने भागून पाहा. पूर्ण भाग गेला तर ५,४०० चे ४,५०० असे आकडे उलटे पडले असण्याची शक्यता असते. फरकाच्या निम्मी रक्कम वहीत सापडली, तर ती चुकीच्या बाजूला लिहिली गेली नाही ना, ते बघा. दिलेला चेक तीन महिने उलटूनही वटला नसेल, तर तो आता चालणार नाही. नोंद उलटवून पुरवठादाराचं देणं परत उभं करा.