रिले वाजला की नॅनो रिसेट होतो: डायोड, वेगळा पुरवठा आणि काँटॅक्टरची कॉइल

प्रश्न: घराच्या टाकीसाठी आर्डुइनो नॅनोवर पंप कंट्रोलर केला आहे. १२ व्होल्टचा अडॅप्टर नॅनोच्या व्हिन पिनला जोडला आहे. ५ व्होल्टचे दोन रिले नॅनोच्या ५ व्होल्ट पिनवरूनच घेतले असून ते बीसी५४७ ट्रान्झिस्टरने चालतात. एका रिलेवर पंपाचा काँटॅक्टर आहे, दुसऱ्यावर भोंगा. रिले वाजला की मधूनच नॅनो रिसेट होतो, कधी एलसीडीवर भलतीच अक्षरे येतात. कोडमध्ये चूक असेल का?

उत्तर: कोड तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही सांगितलेल्या मांडणीत तीन निरनिराळी कारणे एकाच लक्षणाआड दडलेली असू शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. म्हणून बाजारातून काही आणण्याआधी रिसेट नेमका कधी होतो ते पाहावे: रिले ओढला जाताना, रिले सुटताना, की काँटॅक्टर जोडलेला असला तरच.

त्यासाठी पंपाच्या पॅनेलचा एमसीबी बंद करा, रिलेच्या संपर्कांवरच्या २३० व्होल्टच्या तारा सोडवा आणि नॅनोत एवढाच कोड भरा. रिलेची पिन तुमच्या जोडणीप्रमाणे बदला.

```cpp
const byte RELAY = 7;

void setup() {
  pinMode(LED_BUILTIN, OUTPUT);
  pinMode(RELAY, OUTPUT);
  for (byte i = 0; i < 10; i++) {
    digitalWrite(LED_BUILTIN, HIGH); delay(80);
    digitalWrite(LED_BUILTIN, LOW);  delay(80);
  }
}

void loop() {
  digitalWrite(RELAY, HIGH); delay(3000);
  digitalWrite(RELAY, LOW);  delay(6000);
}
```

बोर्डावरचा दिवा भराभर लुकलुकला की नॅनो नव्याने सुरू झाला असे समजावे. हेच सिरियल मॉनिटरवर छापून पाहण्याचा मोह होईल, पण ही चाचणी यूएसबीची केबल काढूनच करावी. नॅनोवर यूएसबीचे ५ व्होल्ट एका डायोडमधून त्याच ५ व्होल्टच्या रेषेला मिळतात, त्यामुळे तुमचा पुरवठा खचला की संगणक त्याला गुपचूप टेकू देतो आणि दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो. "लॅपटॉपला जोडले की व्यवस्थित चालते, भिंतीवर लावले की बिघडते" ही तक्रार बहुधा इथूनच येते.

आता कानाने ऐका. रिले ओढला गेल्याबरोबर रिसेट झाला, तर नॅनोच्या सर्व पिना क्षणात इनपुट होतात, रिले लगेच सुटतो आणि तीन सेकंदांच्या अंतराऐवजी "टक्-टक्" असा जोडआवाज येतो. हे पुरवठा खचल्याचे लक्षण आहे. रिले तीन सेकंद नीट धरून राहिला आणि सुटतानाच्या आवाजानंतर दिवा लुकलुकला, तर कॉइलमधून उसळणारा व्होल्टेज दोषी आहे. दोन्ही वेळा काहीच झाले नाही, तर गुन्हेगार २३० व्होल्टच्या बाजूला आहे.

सुटतानाच्या रिसेटपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या वर्णनात डायोडचा उल्लेखच नाही. नेहमीच्या निळ्या ५ व्होल्टच्या रिलेच्या कॉइलचा रोध सुमारे ७० ओहम असतो, म्हणजे तिच्यातून सुमारे ७१ मिलीअँपिअर प्रवाह वाहतो. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइल तो प्रवाह एकदम थांबू देत नाही. वाट बंद दिसली की ती स्वतःच्या टोकांवरचा व्होल्टेज वाढवत नेते आणि कलेक्टरकडचे टोक ५ व्होल्टच्या कितीतरी वर चढते. बीसी५४७ची कलेक्टर-एमिटर मर्यादा ४५ व्होल्टची आहे. ती ओलांडली की ट्रान्झिस्टर बंद असूनही फुटल्यासारखा वाहू लागतो आणि ती उसळी ग्राउंडच्या तारेत व शेजारच्या तारांत उतरते. ट्रान्झिस्टर लगेच मरत नाही, रोज थोडा थोडा मरतो. म्हणूनच असे यंत्र दहा वेळा नीट चालून अकराव्या वेळी अडते.

उपाय एका १एन४००७ डायोडचा आहे. तो कॉइलच्या दोन टोकांवर आडवा लावायचा, चंदेरी पट्टीची बाजू पुरवठ्याच्या प्लसकडे आणि दुसरी बाजू कलेक्टरकडे. ट्रान्झिस्टर चालू असताना तो गप्प असतो. बंद होताच कॉइलचा प्रवाह त्याच्यातून गोल फिरून विरतो आणि कलेक्टर प्लसपेक्षा जेमतेम एक व्होल्ट वर जातो. दोन्ही रिलेंना स्वतंत्र डायोड हवा, आणि तो रिलेच्या पायांशीच डाखला पाहिजे. डायोड नॅनोजवळ लावून तिथून रिलेपर्यंत हातभर तार नेली, तर प्रवाहाचे ते वर्तुळ हातभर मोठे होते आणि अँटेनासारखे वागते. पट्टी उलटी लागली तर रिले वाजणारच नाही, कारण ट्रान्झिस्टर चालू होताच पुरवठा डायोडमधून सरळ त्याच्यावर येतो. बीसी५४७ची मर्यादा १०० मिलीअँपिअरची असल्याने तो बहुधा जळतो. मी स्वतः असे तीन ट्रान्झिस्टर ओळीने घालवले आणि दोष मात्र रिलेला देत बसलो होतो. डायोडमुळे रिले काही मिलिसेकंद उशिरा सुटतो, पण पाण्याच्या पंपाला त्याने काही फरक पडत नाही.

आता ओढला जातानाच्या रिसेटकडे येऊ. नॅनोच्या ५ व्होल्ट पिनमागे नखाएवढा रेग्युलेटर आहे आणि तो १२ चे ५ करताना उरलेले ७ व्होल्ट उष्णतेत घालवतो. दोन रिलेंचे मिळून १४३ मिलीअँपिअर, नॅनो आणि एलसीडीच्या मागचा दिवा धरून अंदाजे ४५, म्हणजे एकूण १९० च्या आसपास. याला ७ ने गुणले की सुमारे १.३ वॉट होतात. बिनापंखाच्या एवढ्या लहान तुकड्याला हा भार झेपत नाही. दोन्ही रिले पाच मिनिटे चालू ठेवून त्याला बोट लावून पाहा. क्षणभरही ठेववणार नाही. तापलेला रेग्युलेटर स्वतःला वाचवण्यासाठी हात आखडता घेतो, आणि नेमका तेव्हा दुसरा रिले ओढला गेला की ५ व्होल्ट कोसळतात. नॅनोची चिप साधारणपणे २.७ व्होल्टच्या खाली गेल्यावर स्वतःला रिसेट करते, पण १६ मेगाहर्ट्झवर तिला खात्रीने चालायला सुमारे ३.८ व्होल्ट लागतात. या दोहोंमधल्या पट्ट्यात ती रिसेट न होता भरकटूही शकते. मल्टिमीटरला अशी क्षणिक घसरण दिसत नाही. तरी दोन्ही रिले धरलेले असताना ५ व्होल्ट पिनवर स्थिर मापच ४.८ च्या खाली असेल, तर पुढे शोधायची गरज नाही.

म्हणून रिलेंना त्यांचा वेगळा पुरवठा द्या. घरात पडून असलेला मोबाईलचा ५ व्होल्टचा चार्जर त्यासाठी पुरेसा आहे. चार्जरचा प्लस फक्त कॉइलकडे जाईल आणि नॅनोच्या ५ व्होल्ट पिनला कुठेही शिवणार नाही. बीसी५४७च्या बेसमधला प्रवाह परत येण्यासाठी दोन्ही पुरवठ्यांचे मायनस मात्र जोडावेच लागतात, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. एमिटरच्या तारा आधी नॅनोच्या ग्राउंडला आणि तिथून चार्जरला, अशी साखळी केली तर रिलेचा सगळा प्रवाह नॅनोच्या ग्राउंडमधून जातो आणि वेगळा पुरवठा नावापुरता उरतो. दोन्ही एमिटर सरळ चार्जरच्या मायनसला न्या आणि त्याच बिंदूपासून एकच तार नॅनोच्या ग्राउंडला द्या. रिलेजवळ ४७० मायक्रोफॅरडचा आणि नॅनोच्या ५ व्होल्ट पिनपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. बेस आणि एमिटरच्या मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टरही टाका, म्हणजे नॅनो सुरू होत असताना बेस तरंगत राहणार नाही. नवीन बोर्ड करणार असाल तर मी १२ व्होल्टचे रिले घेईन: त्यांची कॉइल साधारण ३० मिलीअँपिअरच घेते आणि रेग्युलेटरच्या अलीकडून, थेट अडॅप्टरवरून चालते.

ऑप्टोकपलरचे तयार रिले मॉड्यूल घेण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. त्यावर डायोड बसवलेलेच असतात, पण "ऑप्टो आहे म्हणजे अलगपणा आला" ही गोष्ट ते विकत आणले तसेच वापरले तर खरी नसते. जेडी-व्हीसीसी आणि व्हीसीसी या दोन पिनांवर एक जम्पर घातलेला येतो आणि तो दोन्ही बाजू एक करून टाकतो. तो काढा, चार्जरचा प्लस जेडी-व्हीसीसीला आणि मायनस त्याशेजारच्या ग्राउंडला द्या. नॅनोकडून फक्त ५ व्होल्ट (व्हीसीसीला) आणि इनपुटच्या तारा येऊ द्या. या मॉड्यूलला नॅनोचा ग्राउंड जोडायचा नाही, कारण ऑप्टोतल्या दिव्याचा प्रवाह व्हीसीसीतून येऊन इनपुट पिनमध्ये उतरतो. ग्राउंड सवयीने जोडला की सगळा अलगपणा गेला. शिवाय हे मॉड्यूल उलट चालते: पिन लो झाली की रिले चालू. कोडमध्ये तेवढे बदलावे लागेल.

एवढे करूनही काँटॅक्टर जोडल्यावर रिसेट परत आला किंवा एलसीडीवर कचरा दिसला, तर तिसरे कारण उरते, आणि एलसीडीच्या उल्लेखावरून मला त्याचा दाट संशय आहे. काँटॅक्टरची कॉइलही कॉइलच आहे, फक्त २३० व्होल्टची. तिचा प्रवाह तोडताना तुमच्या रिलेच्या संपर्कांत ठिणगी पडते. अंधारात निळ्या आवरणातून ती कधी दिसतेही. या ठिणगीचा गोंगाट हवेतून आणि तारांतून एलसीडीच्या लांब तारांत शिरतो. इथे १एन४००७ चुकूनही लावू नका: एसीमध्ये अर्धा वेळ प्रवाहाची दिशा उलटी असते, त्यामुळे तो शॉर्ट होईल. इथे लागतो स्नबर, म्हणजे १०० ओहमचा रेझिस्टर आणि २७५ व्होल्ट एसीचा, एक्स-२ प्रकारचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागे एक. हा जोड काँटॅक्टरच्या कॉइलवर, म्हणजे ए१ आणि ए२ या टोकांवर लावा. काही जण तो रिलेच्या संपर्कांवर लावतात, पण तिथे रिले उघडा असतानाही कपॅसिटरमधून सुमारे ७ मिलीअँपिअर झिरपत राहतात आणि लहान काँटॅक्टर तेवढ्यावर गुणगुणत राहू शकतो. २३० व्होल्टच्या तारा आणि एलसीडी-सेन्सरच्या तारा एकाच पाइपातून नेल्या असतील तर त्या वेगळ्या करा. हे काम पॅनेलचा मेन बंद करून, टेस्टरने तपासूनच करावे. एसीची सवय नसेल तर वायरमनला सोबत घ्यावे.

शेवटची तपासणी पंपावर करू नका, वारंवार चालू-बंद झाल्याने मोटर तापते. काँटॅक्टरच्या बाहेर जाणाऱ्या, पंपाकडच्या तारा सोडवून ठेवा आणि वरचाच कोड तासभर चालू द्या. नऊ सेकंदांची एक फेरी धरली तर चारशे वेळा रिले वाजेल. त्या तासात सुरुवातीच्या लुकलुकीनंतर दिवा पुन्हा एकदाही लुकलुकला, तर तो कोणत्या आवाजानंतर लुकलुकला ते इथे लिहा आणि ग्राउंडच्या तारा दिसतील असा फोटो टाका.