विजयनगर-बहामनी तक्ता: ओळींना प्रश्न विचारा

प्रश्न: विजयनगर आणि बहामनी यांची करव्यवस्था नि प्रशासन माझ्या डोक्यात दर वेळी एकमेकांत मिसळतं. लोकलमध्ये उभ्याने चाळता येईल असा तक्ता कसा करू?

माझा पहिला तक्ता चौदा ओळींचा होता, डोंबिवली ते दादर प्रवासात अर्धाही संपत नसे. शिवाय ओळींची नावं 'प्रांत', 'अधिकारी', 'कर' अशी होती. त्यामुळे 'नायक' आणि 'तरफदार' शेजारी बसले आणि ते एकच वाटू लागले. तुमचीही गल्लत बहुधा तिथेच होत असेल.

ओळीला नाव न देता प्रश्न द्या. पहिला प्रश्न: सारा गोळा करणारा स्वतःजवळ काय ठेवतो? विजयनगरच्या नायकाला 'अमरम' म्हणून प्रदेश मिळे. तिथला महसूल तो गोळा करी, त्यातून ठरलेलं सैन्य पोसायचं आणि ठरावीक वाटा राजाला पाठवायचा. बहामनी तरफदार हा सुलतानाने नेमलेला सुभेदार. महसूल, फौज आणि किल्ले, सगळं त्याच्याच हाती.

बहामनी रकान्यात मात्र मधोमध आडवी रेघ मारा: वर 'गावानपूर्वी', खाली 'गावाननंतर'. सुरुवातीला चार तरफा होत्या: गुलबर्गा, दौलताबाद, बीदर, वऱ्हाड. बहामनी वजीर महमूद गावानने त्यांच्या आठ केल्या, प्रत्येक तरफेतली काही जमीन सुलतानाच्या खालशात घेतली, तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला आणि साऱ्यासाठी जमीन मोजायला लावली. ही रेघ नसेल तर 'चार की आठ' यावर परीक्षेत हमखास अडखळायला होतं. शिवाय 1481 मध्ये गावानचा शिरच्छेद का झाला, हेही याच रकान्यातून कळतं: ज्यांचे किल्ले गेले, तेच त्याच्यावर उठले होते.

कराच्या ओळीत एकच टक्केवारी लिहायचा मोह आवरा. विजयनगरात जमिनीचा कस आणि पीक पाहून सारा ठरे, शिवाय व्यवसाय, चराई, लग्न यांवरही कर असत. 'दर एक नाही' एवढंच लिहा.

गावाची ओळ सोपी आहे. विजयनगरचे बारा आयगार म्हणजे आपले बारा बलुतेदार डोळ्यांसमोर आणा. त्यांना करमुक्त जमीन असे. बहामनी बाजूला पाटील-कुलकर्णी.

शेवटची ओळ मी उशिरा जोडली: केंद्र ढिलं पडल्यावर काय झालं? जुन्नरचा मलिक अहमद 1490 मध्ये स्वतंत्र झाला आणि निजामशाही उभी राहिली. 1565 च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर हरल्यानंतर मदुराई, तंजावरचे नायक हळूहळू मोकळे झाले. इथे दोन्ही रकाने जवळपास सारखेच भरतात, आणि मुख्य परीक्षेतला तुलनेचा प्रश्न मी याच ओळीवरून सुरू करतो.