‘तसं ठीकच’ म्हणून बघ

ताई, मी 34 वर्षांची. मुलुंडला राहते, फोर्टात नोकरी करते. पाच महिन्यांपूर्वी नवऱ्याची नोकरी गेली. सासू-सासरे गावी असतात, त्यांनाही सांगितलेलं नाही. गाडीत, ऑफिसात कुणी ‘कशी आहेस?’ विचारलं की तोंडातून ‘मस्त!’ निघतं आणि मग स्वतःचाच राग येतो. एकदाच ऑफिसातल्या एका बाईंना खरं सांगितलं, तर डबा खायच्या वेळेपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं. आता खोटं बोलवत नाही आणि खरं सांगवत नाही.
– एक वाचक, मुलुंड

आधी त्या ‘मस्त’वरचा राग सोड. चालता चालता आलेलं ‘काय, कशी आहेस?’ हा नमस्कार असतो, त्याला उत्तरही नमस्काराचंच द्यावं. मी हे फजिती होऊन शिकले. आमचे हे हॉस्पिटलात होते तेव्हा शेजारच्या काकांनी लिफ्टमध्ये विचारलं, ‘काय वहिनी, कशा आहात?’ आणि मी रिपोर्टपासून बिलापर्यंत सगळं ओतलं. तळमजला आला. काका एका हाताने दार धरून उभे, दुसऱ्या हातातली दुधाची पिशवी त्यांच्या चपलेवर थेंब थेंब गळतेय. बिचाऱ्यांना जाताही येईना, थांबताही येईना.

हार्वी सॅक्स नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लोकांची रोजची बोलणी टेप करून तपासायचे. त्यांनी हेच हेरलं होतं : ‘वाईट चाललंय’ म्हटलं की समोरच्याला ‘का, काय झालं?’ विचारणं भाग पडतं, आणि कारण काही सगळ्यांना सांगण्याजोगं नसतं. म्हणून माणूस ‘ठीक’ म्हणून सुटतो.

पण ‘मस्त’ आणि ‘वाईट’ यांच्या मधलीही एक जागा आहे. सॅक्स यांच्या विद्यार्थिनी गेल जेफरसन यांनी 1980 साली तिच्यावर लिहिलं. ‘छान’पेक्षा किंचित खालचं उत्तर आलं की मागे काहीतरी असावं अशी चाहूल लागते, तरी विचारलंच पाहिजे अशी सक्ती होत नाही. आपल्याकडे हे काम एकटा ‘च’ करतो. ‘ठीक आहे’ने विषय मिटतो. ‘तसं ठीकच’ म्हटलंस की ज्याला ऐकायचंय तो थांबतो, ज्याला घाई आहे तो ‘चल, भेटू’ म्हणून पुढे जातो. (‘चाललंय’वर भिस्त ठेवू नकोस. मुंबईत ते सगळेच म्हणतात, कुणी वळूनही बघत नाही.)

गाडीतली एखादी मैत्रीण घे. घाटकोपरच्या आसपास तुम्हाला चौथी सीट मिळाली, ती म्हणाली, ‘कशी आहेस गं?’ तू म्हण, ‘तसं ठीकच,’ आणि गप्प बस. फोन काढू नकोस. तिने कानातली वायर काढून ‘ठीकच म्हणजे?’ विचारलं, तर एकच वाक्य दे : ‘हल्ली रात्री झोपच लागत नाही.’ पुन्हा थांब. ‘कधीपासून?’ आलं तर आणखी एक वाक्य. ‘अगं, माझ्या नणंदेचं तर विचारूच नकोस’ आलं तर तिच्या नणंदेचं ऐक आणि सीएसएमटीला उतर. तुझं काही गेलं नाही.

वाक्य झोपेचं दे म्हटलं, नोकरीचं नाही, ते मुद्दाम. झोप उडाली ही गोष्ट तुझी आहे. नोकरी गेली ही बातमी नवऱ्याची आहे, आणि पाय फुटतात ते बातमीला. ऑफिसातल्या त्या बाईंचं चुकलंच, पण त्यांच्या हाती तू मजलाभर फिरवण्याजोगी वस्तू दिलीस. शिवाय नोकरीचं म्हटलं की लोक लगेच ‘बायोडेटा पाठव’वर येतात आणि तुझं राहून जातं. म्हणून जिला जास्त सांगशील तिला आधीच बजाव, ‘उपाय सुचवू नकोस, नुसतं ऐक.’

झोप खरोखरच गेली असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र हे मोजूनमापून बोलणं बाजूला ठेव. सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन कर. तिथे रात्री-अपरात्रीही माणूस भेटतो.

आज नवऱ्याला एक विचार : ‘सगळं एकाच माणसाला सांगायचं झालं, तर कुणाला सांगितलेलं तुला चालेल?’ नाव दोघांनी ठरवा, म्हणजे तुला त्याच्या पाठीमागे बोलल्यासारखं वाटणार नाही.

आणि सासूबाई. त्या फोनवर ‘कसं चाललंय?’ विचारतात तो नमस्कार नव्हे. त्यांना ‘तसं ठीकच’ ऐकवून चालायचं नाही, पाच महिन्यांत त्यांनी तो ‘च’ कधीच ऐकला असेल. तो फोन मात्र तू करू नकोस, त्याला करू दे.