ब्लॉकमधून टाइप केलेल्या कोडकडे मुलीला कसं न्यावं?

प्रश्न: मुलगी १० वर्षांची आहे, स्क्रॅचमध्ये छान गेम बनवते. टाइप करून कोडिंग कधी आणि कसं सुरू करू?

उत्तर: वयापेक्षा एक गोष्ट तपासा. हिरवा झेंडा दाबायच्या आधी तिला विचारा, "आता काय होईल?" लूप आणि अट असलेल्या प्रोग्रॅमचं उत्तर बहुतेक वेळा बरोबर आलं, तर ती तयार आहे. नुसतं ब्लॉक हलवून बघत असेल तर अजून थांबा.

सुरुवातीला नवीन विषय देऊ नका. तिने ब्लॉकमध्ये केलेलंच पायथनमध्ये टाइप करू द्या, म्हणजे नवं असेल ते फक्त टायपिंग. यासाठी चित्रं काढणं सगळ्यात सोपं. स्क्रॅचमध्ये पेन हे एक्स्टेन्शन जोडून तिला चौकोन काढायला सांगा: चार वेळा १०० पावलं पुढे, ९० अंश वळ. मग त्रिकोण. बहुतेक मुलं इथे ६० टाकतात आणि आकृती उघडीच राहते, अर्ध्या षटकोनासारखी. वळायचा कोन बाहेरचा, म्हणजे १२०, हे तिला ब्लॉकमध्येच सापडू द्या. गणिताची अडचण आणि टायपिंगची अडचण एकाच दिवशी नको.

मग थॉनी हे पायथन लिहायचं सोपं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा. त्यात पायथन आधीच असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही.

```python
from turtle import *
for i in range(4):
    forward(100)
    right(90)
done()
```

ब्लॉक आणि कोड शेजारी शेजारी ठेवून ओळीला ओळ जुळवायला लावा. `range(4)` म्हणजे तिचा चार वेळा फिरणारा ब्लॉक. त्या ब्लॉकच्या पोटात जे बसायचं, ते इथे चार स्पेस आत सरकतं. नेमकं इथेच मुलं अडकतात. शेवटचं कोलन विसरलं तर पायथन एरर देतं, ते बरं. पण `right(90)` आत सरकवायचं राहिलं तर एरर येतच नाही: `turtle`, म्हणजे रेघ काढणारं कासव, सरळ ४०० पावलं जातं आणि शेवटी एकदाच वळतं. ही चूक तिला एकदा मुद्दाम करायला लावा. "चौकोनाऐवजी लांब रेघ का आली?" याचं उत्तर तिने दिलं की हे आत सरकवणं, म्हणजे इंडेंटेशन, पुन्हा समजवावं लागत नाही.

एक खबरदारी तुमच्यासाठी. फाइलला `turtle.py` नाव देऊ नका. मुलं हमखास तेच देतात. मग पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तिचीच फाइल उघडतं आणि जी एरर येते ती वाचून मोठ्यांनाही काही कळत नाही.

स्क्रॅच बंद मात्र करू नका. आवाज आणि पात्रं असलेला गेम पायथनमध्ये करायला तिला अजून बराच वेळ लागेल, तोवर गेम तिकडे आणि आकृत्या इकडे चालू द्या.