'आमचे अशील' म्हणजे विकणारा की घेणारा?

प्रश्न: गावाकडच्या आमच्या गटाची जाहीर नोटीस पेपरात आलीये, भाऊ दुबईला असतो, त्याला व्हॉट्सॅपवर तीन ओळीत कळवायचंय की विकतंय कोण, जमीन कुठली आणि हरकत कधीपर्यंत. 'आमचे अशिलांस कायम खूष खरेदी देण्याचे मान्य व कबूल केले आहे' यात अशील म्हणजे विकणारा ना? नोटीस खाली चिकटवलीये, नावं खोडून.

नाही हो, इथे अशील घेणारा आहे. बहुतेक लोक इथेच फसतात, कारण खाली सही वकिलाची, त्याचा माणूस अशील, मग नोटीस देणारा तोच विकणारा असणार असं वाटतं. पण ही नोटीस सहसा घेणारा देतो, पैसे अडकायच्या आधी कोणी भाऊबंद उगवतोय का बघायला. अशील हा शब्द अरबीतून आलाय, 'मूळ' असा अर्थ असलेल्या असल वरून, म्हणजे काम ज्याचं आहे तो मूळ माणूस आणि त्याच्या वतीने बोलणारा तो वकील. खरेदी-विक्रीशी या शब्दाचा काही संबंधच नाही, त्यामुळे विकणाऱ्याने वकील दिला असता तर तोही अशीलच झाला असता.

मग ओळखायचं कसं, तर क्रियापद बघा. 'खरेदी देणे' हा कचेरीतला जुना वाक्प्रचार आहे आणि ऐकायला उलटा वाटला तरी त्याचा अर्थ विकणे असाच होतो. जो खरेदी 'देतो' तो विकणारा आणि ज्याला, म्हणजे 'अशिलांस', देतो तो घेणारा. (खूष खरेदी म्हणजे राजीखुशीने, जोरजबरदस्ती नाही.) तुमच्या नोटिशीत 'यांचे मालकी वहिवाटीची' च्या आधी जे नाव आहे तेच विकणाऱ्याचं. त्यापुढे 'तर्फे कुलमुखत्यार' म्हणून दुसरं नाव आहे, तो फक्त सही करणारा, त्याला विकणारा म्हणून कळवू नका.

आता मिळकत. 'गट नं. 214, यांसी क्षेत्र 1 हे. 20 आर, यांसी आकार 3 रु. 40 पैसे, पैकी 0 हे. 40 आर'. यातला 'यांसी' म्हणजे नुसतं 'याचं', आणि आकार म्हणजे शेतसारा, किंमत नाही, माझ्या एका मामांनी एकदा 'तीन रुपयाला जमीन?' म्हणून घर डोक्यावर घेतलेलं. खरा कामाचा शब्द 'पैकी'. त्याच्या आधीचा आकडा अख्ख्या गटाचा, नंतरचा विकायला काढलेल्या तुकड्याचा. 100 आर म्हणजे एक हेक्टर, आणि एकर साधारण साडेचाळीस आरचा, म्हणजे विकली जातेय ती जेमतेम एकरभर, अख्खा गट नाही. भावाला 1 हेक्टर 20 आर कळवलंत तर तो उद्याच विमानात बसेल. हा एकर नेमका कुठला ते चतुःसीमेत कळेल, पूर्वेस कोण, दक्षिणेस कोण, तिथे तुमच्या वडिलांचं नाव शेजारी म्हणून आलंय का बघा. ते शेजारी नसून तुमचीच बाजू आत ओढली असेल तर मात्र हरकतीचा विषय आहे.

मुदत 'नोटीस प्रसिद्ध झालेपासून 15 दिवसांचे आत'. खाली वकिलाच्या सहीजवळची तारीख 28 आहे पण पेपर 3 तारखेचा, मोजायचं पेपरच्या तारखेपासून. पहिला दिवस धरायचा की नाही यावर भांडत बसण्यापेक्षा 17 च्या आत वकिलाच्या हातात पडेल असं बघा, पोस्टात टाकलं म्हणजे पोचलं असं नाही, आणि 'मूळ कागदपत्रांनिशी' म्हटलंय म्हणून ओरिजिनल पाठवून देऊ नका, झेरॉक्स जोडा आणि ओरिजिनल दाखवायची तयारी आहे असं लिहा.

भावाला असं टाका:

विकणारा: श्री. क्ष (सही कुलमुखत्यार करणार, घेणाऱ्याचं नाव दिलेलं नाही)
मिळकत: गट 214, एकूण 1 हे. 20 आर पैकी फक्त 40 आर
हरकत: लेखी, वकिलाकडे, 17 तारखेच्या आत

आणि शेवटचं ते 'हक्क जाणूनबुजून सोडून दिला असे समजण्यात येईल' वाचून तो घाबरेल, तर त्याला विचारा, समजणार कोण? वाक्यात कर्ताच नाहीये. समजणारा म्हणजे अशील, कोर्ट नाही. 15 दिवस गेले म्हणून पेपरातल्या नोटिशीने खरा हिस्सा आपोआप बुडत नाही, फक्त खरेदीखत एकदा नोंदलं की मग तोच हिस्सा मागायला दावा लावावा लागतो, तिकडे वर्षं जातात.