हातउसने दिलेत? मग नोटीस नव्हे, सही बघा

'वकीलसाहेब, १४ जून २०२३ ला मित्राच्या खात्यावर दोन लाख भरले. नातं चांगलं, म्हणून कागद केला नाही. ऊसबिल आलं की देतो म्हणत आलाय. गेल्या दिवाळीत फोनपेवर वीस हजार दिले. आता तो कोल्हापूरला गेलाय. नोटीस पाठवली की मुदत वाढते ना?' (खानापूर)

नाही वाढत. नोटिशीने काय, शंभर फोन केलेत तरी वाढत नाही. हातउसन्या पैशांसाठी दावा लावायची मुदत, मागाल तेव्हा देईन असं ठरलं असलं तरी, पैसे दिल्यापासून तीन वर्षं. मागितल्यापासून नव्हे. तुमची मुदत १४ जून २०२६ ला संपते. तो रविवार आहे, म्हणून सोमवारी दावा दाखल केलात तरी चालेल. त्यानंतर एक दिवसही उशीर झाला, तर समोरच्याने हरकत घेतली नाही तरी कोर्टाला दावा फेटाळावाच लागतो. अपिलात उशीर माफ होतो, दाव्यात नाही. मित्र कोल्हापूरला गेला म्हणून काही बदलत नाही. मुदतीचा कायदा केंद्राचा, राज्याच्या हद्दीच्या अलीकडे-पलीकडे एकच.

आता सगळं त्या वीस हजारांवर. मुदत संपायच्या आत कर्जापोटी काही रक्कम आली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं धरतात. पण ती रक्कम दिल्याची नोंद देणाऱ्याच्या हातची किंवा सहीची असावी लागते. फोनपेची नोंद तेवढी पुरते का, यावर वाद होऊ शकतो. मी त्याच्या भरवशावर बसणार नाही.

म्हणून १४ जूनच्या आत त्याच्याकडून चार ओळी लिहून घ्या: '१४ जून २०२३ ला घेतलेल्या दोन लाखांपैकी वीस हजार दिले, एक लाख ऐंशी हजार देणं आहे.' खाली तारीख आणि सही. देईन असं वचनही लागत नाही. 'देणं आहे, पण आत्ता जमणार नाही' एवढं लिहिलं तरी सहीच्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. शिवाय बँकेच्या उताऱ्यावरून पैसे गेले एवढंच दिसतं. ते उसने होते, हेही या चार ओळींनी सिद्ध होतं. 'ऊसबिल आलं की' अशी बोली सुरुवातीलाच झाली होती, असं म्हणून मुदत पुढून मोजायचा युक्तिवाद करता येईल, पण साक्षीदार नसताना तो टिकवणं अवघड. व्हॉट्सअॅपचे मेसेज पुसू नका, पण सहीची जागा ते घेतीलच असं नाही.

मुदत उलटल्यावर केलेली नुसती कबुली निरुपयोगी. तेव्हा देण्याचं स्पष्ट, लेखी आणि सहीचं वचनच लागतं, आणि ते तो कशाला देईल? तीन वर्षं तुम्ही संकोचात घालवलीत, आता आणखी एका ऊसबिलाची वाट बघू नका. मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते, त्यामुळे एप्रिलअखेर सही मिळाली नाही, तर बँकेचा उतारा आणि फोनपेची नोंद घेऊन खानापुरातल्या वकिलाला गाठा आणि दावा टाका.