कल, काल आणि काळ

प्रश्न : हिंदीत ‘कल’ म्हणजे काल पण आणि उद्या पण. मग ऐकणाऱ्याला कळतं कसं की कुठला कल? आणि आपल्याकडे काळ चक्राकार मानतात म्हणून हिंदीत असं झालं, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं आहे का?

कळतं ते क्रियापदावरून. ‘कल गया था’ म्हटलं की काल, ‘कल जाऊँगा’ म्हटलं की उद्या. ‘कल मेरी परीक्षा थी’ आणि ‘कल मेरी परीक्षा है’ यांतही घोळ नाही, कारण नुसतं ‘है’ आलं की कल पुढचाच. ‘कल आ रहा हूँ’ हे वर्तमानकाळी दिसत असलं तरी उद्याचंच आहे. ‘कल आना’ ही तर आज्ञा, आणि आज्ञा मागच्या दिवसाला करता येत नाही. एवढं तर शाळेतल्या हिंदीवरही भागतं.

पण ‘क्रियापद बघा की झालं’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे वाक्य घ्यावं : ‘वह कल आया तो बता दूँगा।’ ‘आया’ हा चक्क भूतकाळ, तरी कल उद्याचाच. कारण ‘तो’ने त्या ‘आया’ची अट करून टाकली आणि निकाल ‘दूँगा’ने दिला. उलट ‘कल आया होता तो बता देता’ म्हटलं की कल मागे सरकला आणि माणूस आलाच नाही. म्हणजे एकटं क्रियापद पुरत नाही, वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं. आपणही ‘तो परवा आला तर सांगेन’ ऐकून गोंधळत नाही, ते याच कारणाने.

खरी पंचाईत क्रियापद गळलं की होते. ‘आज नगद, कल उधार’ ही दुकानातली पाटी बिनक्रियापदाची असून कळते, कारण कालच्या उधारीची पाटी लावण्याइतका वेडा दुकानदार नसतो. ‘कल का छोकरा’ कायम कालचाच, आपल्या ‘कालच्या पोरा’सारखा. ‘कल की चिंता’ बहुधा उद्याची. पण आमच्या कार्यालयात एकदा रात्री निरोप आला : ‘कल की मीटिंग के पॉइंट्स भेज दीजिए।’ आदल्या दिवशी एक बैठक झाली होती आणि दुसऱ्या दिवशी एक होती. मी झालेल्या बैठकीचं टिपण रात्री अकरापर्यंत बसून लिहिलं. हवे होते होणाऱ्या बैठकीचे मुद्दे. क्रियापद होतं ना? होतं, पण ते ‘भेजना’चं. बैठकीचं नव्हतं. ‘कल की’, ‘कल वाला’ अशी जोडणी झाली की कल त्या नामाला चिकटतो आणि वाक्याच्या क्रियापदाचा त्याच्यावर ताबा राहत नाही. अशा वेळी हिंदीवाले स्वतःच ‘कल जो हुई थी’ किंवा ‘कल जो होनी है’ अशी पुस्ती जोडतात. लेखी आणि जरा नटवं बोलायचं तर ‘बीता हुआ कल’ आणि ‘आने वाला कल’. गुजरातीने ‘गई काल’ आणि ‘आवती काल’ अशी सोय कायमचीच करून ठेवली आहे.

आता ते चक्र. हे मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकलंय की आता संयम संपला. ‘कल’ हा ‘काल’ म्हणजे समय, आणि आपला समय फिरता, म्हणून काल आणि उद्या एकच! टाळ्या. संस्कृतचा अभिमान असलेल्या वक्त्याने संस्कृत शब्दांचं पुढे काय होतं तेही बघावं, आणि त्यासाठी हिंदीत जायचीसुद्धा गरज नाही. साक्षीदार घरचाच आहे : मराठी ‘ळ’.

संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ‘ल’ मराठीत येताना ‘ळ’ होतो. फल-फळ, कुल-कूळ, मूल-मूळ. पण ‘ल’ जोडाक्षरात असेल तर प्राकृतात त्याचा ‘ल्ल’ होतो आणि मराठीत ‘ल’ टिकतो. गल्ल-गाल, मूल्य-मोल. ‘मूल’ आणि ‘मूल्य’ शेजारी ठेवून बघा, एकाचं मूळ झालं, दुसऱ्याचं मोल. आता ‘काल’ म्हणजे समय, त्याचं मराठीत काय झालं? काळ. मग ‘काल आलो’ मधला काल हा त्याच शब्दातून कसा येईल? त्याच्यामागे जोडाक्षर असलंच पाहिजे, आणि आहेच : कल्य. कल्य, मग कल्ल, मग काल. हिंदीचा कल याच कल्लचा. पंजाबीत तर ‘कल्ल्ह’ म्हणताना ते द्वित्व अजून ऐकू येतं. ‘काळ’ आणि ‘काल’ या दोन शब्दांत मराठी माणूस रोज जो फरक करतो, तोच त्या व्याख्यानाचा निकाल लावतो.

आणि कल्य म्हणजे? पहाट! ‘कल्यम्’ म्हणजे पहाटे, आणि तिथून ‘उद्या’. पहाटेचा उद्या होणं नवं नाही, आपला ‘उद्या’सुद्धा उदयाच्याच घरचा. या कल्याचा मला सर्वांत आवडणारा वंशज मात्र वेगळाच आहे. हिंदीत सकाळच्या न्याहारीला ‘कलेवा’ म्हणतात, तो ‘कल्यवर्त’, म्हणजे पहाटेचं खाणं. कलमधली पहाट आता कुणाला दिसत नाही, कलेव्यात ती अजून ताटात वाढली जाते.

मग पहाट ‘काल’ कशी झाली? इथे माझं मत, कोशवाल्यांना पटो न पटो. आजच्या दिवसाला दोन्ही बाजूंनी एकेक रात्र आहे. रात्र ओलांडली की पलीकडे दुसरा दिवस, मग तो मागचा असो की पुढचा. कल म्हणजे ‘एका झोपेच्या अंतरावर’. दिशा सांगायचं काम क्रियापद करत होतंच, म्हणून शब्दाने ते अंगावर घेतलं नाही. ‘परसों’चं तेच झालं. संस्कृतात ‘परश्वः’ फक्त पुढचा, मागच्यासाठी ‘परह्यः’ हा वेगळा शब्द होता. हिंदीने पुढचा ठेवला आणि तोच मागेही लावला. दोन्ही वेळा पुढच्या शब्दाने मागची जागा बळकावली, उलट झालं नाही, हे लक्षात घ्या. साध्या ‘ह्यः’ला आसरा मिळाला तो नेपाळीत. तिथे काल म्हणजे ‘हिजो’.

हिंदीला हसणाऱ्या मराठी मित्रांसाठी एक. परवा म्हणजे कधी? ‘परवा आला होता’ आणि ‘परवा येईन’. तेरवाही तसाच. आपण फक्त पहिल्या पायरीवर काल आणि उद्या वेगळे केले, दुसऱ्या पायरीवर आपलंही ‘कल’च आहे. म्हणून तर आपण ‘काल-परवा’ आणि ‘उद्या-परवा’ अशा जोड्या लावतो. कबीराच्या नावावर चालणाऱ्या ‘काल करे सो आज कर’ या दोह्यातला ‘काल’ उद्याचा आहे. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी त्याचा अर्थ ‘कालचा राहिलेला गृहपाठ आज करा’ असा लिहिला होता, आणि बाईंनी गुण दिले होते.